गावातल्या लग्नाचं ५०० ताटांचं जेवण: दर कसा काढायचा

"ताटाला किती घेता?" फोनवर पहिला प्रश्न हाच येतो. शहरातल्या कार्यालयात रोज जेवणावळी उठवणारा केटरर त्याचं उत्तर जागच्या जागी देतो, आणि तिथे ते चालूनही जातं. कार्यालयात ओटे, पाणी, वीज, टेबलं आयती असतात. वाढपी दुचाकीवर येतात आणि पाच-सहा तासांत घरी जातात. तोच दर पुण्याहून साठ किलोमीटरवरच्या शेतातल्या मांडवाला सांगितला, की जेवण उत्तम होऊनही पैसे कुठे गेले ते कळत नाही. किराण्यात ते गेलेले नसतात. टेम्पो, भाड्याची भांडी आणि मजुरी यांत गेलेले असतात.

हिशेब समजायला एक काम धरू. भोर तालुक्यातलं एक गाव, मे महिना, दुपारचं लग्न, ५०० पाहुणे, बुफे आणि शेवटी व्याह्यांची एक पंगत. केटरर पुण्याचा. मेनू नेहमीचा: मसालेभात, वरण-भात, पुरी, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर, चटणी, पापड-कुरडई, जिलेबी, मठ्ठा. पुढचे दर या उदाहरणापुरते धरले आहेत. तुमच्या भागातले आणि त्या तिथीचे दर वेगळे असतील, तेच घाला. पद्धत मात्र तीच राहील.

## आधी जागा बघा, मग आकडा काढा

जागा न बघता दर सांगायचा नाही. पाहुण्यांचा मांडव कुठे आहे ते यजमान हौसेनं दाखवतात, पण तुम्हाला स्वयंपाकाची जागा बघायची असते. मोठा टेम्पो थेट तिथपर्यंत जातो का? वाटेत अरुंद सांकव किंवा खाली लोंबणारी वीजवाहिनी आहे का? टेम्पो तीनशे मीटर अलीकडे थांबणार असेल, तर भांडी, सिलिंडर आणि किराणा हातानं वाहायला चार माणसं जास्त लागतात. परत जाताना, सगळे दमलेले असताना, तेच पुन्हा करावं लागतं.

दुसरं, पाणी. पिण्याचे जार गावात मिळतात, पण भांडी घासायला आणि तांदूळ-भाज्या धुवायला काही हजार लिटर लागतं. विहीर असेल तर मोटार त्या दिवशी चालणार का, वीज किती वाजता असते, हे गावातल्याच माणसाला विचारा. शेतीच्या विजेच्या वेळा लग्नाचा मुहूर्त बघून ठरत नाहीत. उत्तर गोलमोल आलं तर टँकर आणि जनरेटर दरात धरायचे.

तिसरं, चूल आणि काउंटर यांच्यातलं अंतर. पुरी तळल्यावर लवकर वाढली गेली पाहिजे. स्वयंपाक मांडवाच्या मागेच असेल तर दोन माणसं ने-आण करतात, लांब असेल तर चार लागतात. मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, म्हणून भट्टीवर छप्पर हवंच. ते यजमानांचा मांडववाला घालणार की तुम्ही, हे त्याच भेटीत ठरवून घ्या.

## किराणा: ५०० पाहुणे म्हणजे ५५० ताटं

पहिली गफलत इथे होते. तुमची माणसं चाळीस, जिलेबीवाला आणि त्याचा जोडीदार, तीन ड्रायव्हर, सगळे तिथेच जेवतात. मोजून ४५ होतात. वर पाच हाताशी ठेवायची, म्हणजे किराणा ५५० ताटांचा भरायचा. बँडवाले, मांडववाले, फोटोग्राफर यांची ताटं यजमानांच्या संख्येत धरली आहेत, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर शेवटी वीस-पंचवीस ताटांवरून हुज्जत ठरलेली.

पुरी आणि दोन भात असलेल्या जेवणाला माणशी साधारण ९० ग्रॅम तांदूळ पुरतात, म्हणजे ५० किलो. त्यातले ३० किलो मसालेभाताला. माणशी पाच पुऱ्या धरल्या तर २,७५० होतात. एक किलो कणकेत मध्यम आकाराच्या ६५ च्या आसपास पुऱ्या निघतात, तेव्हा कणीक ४२ किलो. जिलेबी माणशी शंभर ग्रॅमच्या थोडी वर, म्हणजे ६० किलो. बटाटे ५५ किलो, तूरडाळ १४ किलो, तेलाचे १५ किलोचे तीन डबे. जिलेबी जागेवर तळणाऱ्याला किलोच्या भावानं दिली, तर त्याची मजुरी त्यातच येते. त्याची ने-आण मात्र तुम्हालाच करावी लागते.

सगळी यादी बाजारभावानं मांडली की आपल्या उदाहरणात ताटामागे ८८ रुपयांच्या जवळपास येतं. नासधूस आणि भाववाढ धरून ९५ घेऊ. ५५० ताटांचे ५२,२५० रुपये.

यात गॅस, पाणी आणि बारीकसारीक सामान धरलेलं नाही. १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर तीन लागतील. चौथा जादा न्यायचा आणि न वापरता परत आला तर हिशेबात घ्यायचा नाही. घरगुती सिलिंडर वापरायची परवानगी नाही, त्यामुळे तिथे पैसे वाचवायचा विचार सोडून द्या. तीन सिलिंडरचे ५,४००, पाण्याच्या चाळीस जारचे १,६००, कागदी रुमाल, साबण, बर्फ, कचऱ्याच्या पिशव्या असे २,५००. हे झाले ९,५०० रुपये.

## मजुरी: घर सोडल्यापासून घरी पोचेपर्यंत

या कामाचा खरा दर इथे ठरतो, म्हणून थोडं सविस्तर बघू.

शहरात वाढप्याचा दिवस जेवणाच्या तासभर आधी सुरू होतो. या कामात तो सकाळी सहाला स्वारगेटला बसमध्ये बसतो. साडेबाराचा मुहूर्त लांबून एक वाजतो, जेवणं चारपर्यंत चालतात, आवराआवर होऊन बस सहाला निघते आणि साडेआठला पुण्यात पोचते. शहरात जो सहाशे घेतो, तो इथे आठशे मागतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आचारी आणि हाताखालची माणसं तर आदल्या रात्री नऊला निघतात. रात्री भाज्या चिरायच्या, पहाटे पाचला भट्ट्या पेटवायच्या. त्यांचा एक दिवस म्हणजे जवळजवळ दोन दिवस.

माणसं किती? बुफेत पाचशे जण एकदम येत नाहीत. काउंटरवर, ने-आणीला, पाण्यापाशी आणि उष्टी ताटं उचलायला मिळून बावीस वाढपी पुरतात. सगळी पंगतच असती तर गणित बदललं असतं. पंगतीत एका वेळी बसलेल्या बारा ते पंधरा पानांमागे एक वाढपी लागतो, नाहीतर भात येईपर्यंत पुरी गार होते. व्याह्यांची शेवटची पंगत साठ पानांची असल्यानं ती याच बावीस जणांत आरामात निघते.

मुख्य आचारी ४,५००. हाताखालचे चार, प्रत्येकी १,८००. पुऱ्या लाटणाऱ्या सहा आणि भांडी घासणाऱ्या पाच बायका, प्रत्येकी १,०००. बावीस वाढपी ८०० प्रमाणे १७,६००. दोन सुपरवायझर १,५०० प्रमाणे. एकूण चाळीस माणसं, ४३,३०० रुपये.

हीच चाळीस माणसं शहरात आचाऱ्याला ३,०००, हाताखालच्यांना १,२००, बायकांना ७००, वाढप्यांना ६०० आणि सुपरवायझरला १,००० या दरानं ३०,७०० रुपयांत मिळाली असती. साठ किलोमीटर अंतरानं मजुरीत १२,६०० रुपये वाढले. "लांब आहे, डिझेलचे पैसे लावतो" एवढंच म्हणून दर देणाऱ्याला हा आकडा दिसत नाही.

दाट तिथी असेल तर आणखी एक काळजी. त्या दिवशी पुण्यात प्रत्येक कार्यालयात लग्न असतं आणि जवळचं काम मिळत असताना लांब यायला वाढपी तयार नसतो. मुकादमाशी आधी बोलून, त्या तारखेचा भाव पक्का करून मगच दर लिहायचा. चार माणसं ऐन वेळी कमी आली तर गावातून पोरं मिळतात, पण ती यजमानांची नातलग असतात. काउंटर सोडून फोटोला उभी राहतात, त्यांना काही म्हणताही येत नाही.

## वाहतूक: फेऱ्या मोजा, किलोमीटर नंतर

मोठा टेम्पो भांडी, भट्ट्या, गॅस आणि किराणा घेऊन आदल्या रात्री जातो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परततो. तो दोन दिवस अडकलेला असतो, त्यामुळे मुक्कामासकट भाडं ठरवायचं. खेड-शिवापूरचा टोल त्यात आहे का, तेही विचारायचं. यासाठी ७,५०० धरू.

दही, अळू, कोथिंबीर आणि बर्फ सकाळी छोट्या टेम्पोनं न्यायचे, ३,०००. ही फेरी वाचवून दही आदल्या रात्रीच नेण्याचा मोह होतो. मे महिन्याच्या उन्हात, फ्रीज नसलेल्या शेतात, मठ्ठा जेवणाआधीच आंबट होतो आणि पाचशे माणसांच्या तोंडी तुमचंच नाव राहतं. छोटा टेम्पो काढू नका.

वाढपी, बायका आणि सुपरवायझर मिळून पस्तीस माणसांना मिनीबस, ९,०००. आचाऱ्याच्या मंडळींना आदल्या रात्री जीप, २,५००. मालाच्या टेम्पोत मागे माणसं बसवून हा खर्च वाचवता येत नाही. ते बेकायदा आहेच, आणि अपघात झाला तर विमाही हात वर करतो. वाहतूक एकूण २२,०००.

## भाड्याचं सामान

ताटं ६००, वाट्या दुप्पट, चमचे, पेले यांचे ५,५०० रुपये. झाकणाची बुफे भांडी चौदा आणि कापड लावलेली टेबलं वीस, मिळून ४,५००. भट्टीवरचं छप्पर ३,००० आणि रात्रीचे दिवे-जनरेटर ३,५००.

स्वतःची पातेली, पराती, झारे, शेगड्या आहेत म्हणून त्यांना शून्य धरू नका. दर हंगामात त्यांना कल्हई, डागडुजी, नवे बर्नर लागतात. त्यांचा घसारा ३,००० धरला. फुटतूट आणि हरवणूक १,०००. चमचे नेहमीच कमी भरतात, कारण ते उष्ट्यासोबत कचऱ्यात जातात. एकूण २०,५००.

भांडीवाला दिवस कसा मोजतो ते विचारून घ्या. तुमचा टेम्पो रात्री साडेआठनंतर पुण्यात पोचणार आणि त्याचं दुकान तोवर बंद झालेलं असतं. सकाळी दहापर्यंत परत केलं तर एकच दिवस धरायचा, असं आधीच ठरवलं तर दुसऱ्या दिवसाचं भाडं वाचतं.

## बेरीज आणि नफा

किराणा ५२,२५०, गॅस-पाणी वगैरे ९,५००, मजुरी ४३,३००, वाहतूक २२,०००, भाड्याचं सामान २०,५००. बेरीज १,४७,५५०. अनपेक्षित खर्चाला चार टक्के, म्हणजे ५,९००. ऑफिस, फोन, परवाना, जागा बघायच्या फेऱ्या, चव दाखवायला केलेले पदार्थ यांचा या कामाचा वाटा ८,०००. खर्च झाला १,६१,४५०.

आता नफा. तुम्हाला बिलाच्या १८ टक्के हवे असतील तर खर्चात १८ टक्के मिळवून भागत नाही, कारण तसं केलं की बिलाच्या १५ टक्केच उरतात. खर्चाला ०.८२ नं भागायचं. १,६१,४५० भागिले ०.८२ म्हणजे १,९६,९००च्या जवळ. पाचशे ताटांना भागलं की ३९५ रुपये, बिल १,९७,५००.

## तीनशे पन्नासच लोक आले तर?

दर निघाला, पण काम इथे संपत नाही. यजमान महिन्यानं फोन करतात: "अहो, यादी कमी झाली, साडेतीनशेच धरा. दर तोच ना?"

खर्चाचे दोन भाग करून बघा. पाहुणा वाढला-कमी झाला की बदलतो तो भाग: किराण्याचे ९५ आणि गॅस-पाण्याचे साधारण १५, मिळून ताटाला ११० रुपये. पाचशेंचे ५५,०००. उरलेले १,०६,४५० रुपये पाहुणे कितीही आले तरी जवळजवळ तसेच राहतात. टेम्पो तेवढाच, बस तीच, आचारी तोच, छप्पर तेच. खर्चाचा दोन तृतीयांश भाग संख्येकडे बघतच नाही.

साडेतीनशे ताटांचे ३९५ नं १,३८,२५० रुपये मिळतात. खर्च १,०६,४५० अधिक ३८,५००, म्हणजे १,४४,९५०. पावणेसात हजार खिशातून गेले. पाच वाढपी कमी करून चार हजार वाचवले तरी तोटा राहतोच, नफा तर लांबची गोष्ट.

म्हणून स्वतःच्या वहीत दर दोन तुकड्यांत लिहा: ठोक १,३०,००० आणि वर प्रत्येक ताटाला १३५. हे दोन्ही आकडे वरच्याच खर्चाला ०.८२ नं भागून आलेले आहेत. पाचशेंना बेरीज बरोबर १,९७,५०० येते. संख्या बदलली की नवा दर मिनिटात निघतो. साडेतीनशेंना १,७७,२५०, म्हणजे ताटाला ५०६. वाढपी आणि भांडी कमी करता आली तर ४७५ पर्यंत खाली येता येतं, त्याखाली नाही.

यजमानांना ठोक रक्कम पटत नाही, त्यांच्या डोक्यात ताटाचा भाव असतो. त्यांना ३९५ च सांगा, पण हमीच्या संख्येसकट. पाचशे सांगितले असतील तर किमान ४५० ताटांचं बिल होईल. ४५० ला तुम्हाला पावणेबावीस हजारांच्या आसपास राहतात. मनासारखे नाहीत, पण कामाचे. अंतिम संख्या चार दिवस आधी घ्यायची, कारण त्यानंतर किराणा भरलेला असतो. त्या दिवशी पाहुणे कमी आले तरी शिजलेलं अन्न परत पोत्यात जात नाही, तेव्हा चार दिवस आधी सांगितलेली संख्या आणि प्रत्यक्ष ताटं यांतली जी जास्त, तिचं बिल.

काही जण ३५०, ५००, ६५० असे टप्पे पाडून दर देतात. टप्प्यांत एक खोच आहे. ३५० चा दर ४७५ आणि ५०० चा ३९५ ठेवला, तर ४९० ताटांचं बिल २,३२,७५० होतं आणि ५०० ताटांचं १,९७,५००. यजमान हिशेबी असेल तर तो दहा ताटं जास्त सांगून पस्तीस हजार वाचवील.

## ताटं कशी मोजायची

भांडण दरावरून होत नाही, मोजणीवरून होतं. बुफेत ताटं धुऊन पुन्हा लावली की मोजणी हातातून गेली. म्हणूनच पाचशेंना सहाशे ताटं न्यायची. जेवण सुरू होण्याआधी पन्नास-पन्नासचे गठ्ठे यजमानांच्या एका माणसासमोर मोजायचे, त्याची सही घ्यायची, शेवटी उरलेले स्वच्छ गठ्ठे वजा करायचे. हा माणूस नवऱ्यामुलाचा काका नको, त्याला हजार कामं असतात. हिशेबाची सवय असलेला एखादा भाचा बघा. पंगतीची पानं वेगळी मोजून त्याच कागदावर लिहायची.

## कोटेशनच्या कागदावर काय लिहायचं

मेनू पदार्थानिशी, संख्या, हमीची संख्या आणि दर आलेच. त्याशिवाय पाणी, वीज, भट्टीवरचं छप्पर, कचरा नेण्याची सोय यातलं कोण काय देणार ते नाव घेऊन लिहा. सकाळचा नाश्ता आणि हळदीच्या रात्रीचं जेवण या दरात नाही, हेही. "चहा-पोहे तर करालच ना" हे वाक्य दीडशे माणसांच्या नाश्त्यात कधी बदलतं ते कळत नाही.

वेळेची मर्यादा लिहा: जेवण चारपर्यंत, त्यानंतर प्रत्येक तासाला ४,००० रुपये. चाळीस माणसांना ताशी शंभर, एवढा साधा हिशेब आहे आणि विचारलं तर तसा सांगता येतो. वरात लांबली की हे कलम कामाला येतं.

जीएसटी वेगळा दाखवा. नोंदणी असेल तर बाहेरच्या केटरिंगला सर्वसाधारणपणे ५ टक्के लागतो, आणि तुमचा वाहतूक-भाड्यासकट एकच दर असेल तर पूर्ण बिलावर. या ५ टक्क्यांत इनपुट क्रेडिट मिळत नाही. भांडीवाल्यानं तुम्हाला लावलेला कर हा तुमचा खर्च असतो, तो भाड्यात धरूनच वरचे आकडे मांडा. आपल्या उदाहरणात १,९७,५०० वर ९,८७५ रुपये कर. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही.

पैसे तीन हप्त्यांत: तारीख धरताना चौथा हिस्सा विसार, किराणा भरायच्या आधी, म्हणजे आठ दिवसांवर असताना अर्धे, उरलेले लग्नाच्या दिवशी शेवटची पंगत बसण्याआधी. पंगत उठली की वरात निघते, आणि पाकीट ज्याच्याकडे असतं तो माणूस वरातीच्या गाडीत असतो.

शेवटची ओळ दराच्या मुदतीची. "हा दर पंधरा दिवसांसाठी" असं लिहून खाली तारीख घाला. डिसेंबरात दिलेल्या कोटेशनवर मे महिन्यातलं तेल विकत घ्यायला लागू नये.